लिटरेचर रिव्ह्यू आहे की हजेरी? परागवाहकांच्या घटीवरचे एकसष्ट पेपर कसे लावू?

रानफूल
मंडळी, मदत हवी आहे. मी प्राणिशास्त्रात पीएचडी करतेय, मुंबईतच. दुसरा चॅप्टर म्हणजे परागवाहक कीटकांची संख्या का आणि किती कमी होतेय यावरचा लिटरेचर रिव्ह्यू. बेचाळीस पानं, एकसष्ट पेपर. शुक्रवारी गाइडनी परत दिला. पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलंय, "हा रिव्ह्यू नाही, ही हजेरी आहे. थीमनुसार लाव." बाकी एकही खूण नाही. बोरिवलीपर्यंत लोकलमध्ये तेच एक वाक्य वाचत आले.

नमुन्याला माझा एक परिच्छेद देते:

"हेन्री व इतर (२०१२) यांनी मधमाश्यांना थायामेथोक्झाम हे नियोनिक गटातील कीटकनाशक दिले असता त्या पोळ्याकडे परतण्यात अपयशी ठरल्याचे दाखवले. व्हाइटहॉर्न व इतर (२०१२) यांनी इमिडाक्लोप्रिडमुळे बंबलबीच्या वसाहतींत राण्यांची निर्मिती ८५ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले. रुंडलोफ व इतर (२०१५) यांनी स्वीडनमध्ये क्लोथियानिडिनचा रानमाश्यांवर विपरीत परिणाम दाखवला, मात्र मधमाश्यांवर परिणाम आढळला नाही. वुडकॉक व इतर (२०१७) यांना हंगेरी व ब्रिटनमध्ये मधमाश्यांवर विपरीत, तर जर्मनीत अनुकूल परिणाम आढळले."

यात चूक एकही नाही. सगळे पेपर मी पूर्ण वाचलेत, नुसता सारांश नव्हे. मग थीम म्हणजे नेमकं काय करायचं?

डोंबिवलीकर
सोपं आहे. चार हेडिंग टाक: अधिवास नष्ट होणं, कीटकनाशकं, रोग आणि परजीवी, हवामानबदल. एकसष्ट पेपर चार डब्यांत भर. झाली थीम. माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट असाच पास झाला, बाहेरून आलेल्या सरांनी कौतुकसुद्धा केलं.

रानफूल
@डोंबिवलीकर, दादा, ते केलं होतं! वरचा परिच्छेद 'कीटकनाशकं' या हेडिंगखालचाच आहे. डबा बदलला, आत हजेरी तशीच. शिवाय गुल्सन व इतरांचा २०१५ चा पेपर म्हणतो की परजीवी, कीटकनाशकं आणि फुलांची टंचाई यांचा ताण मिळून पडतो. तो चारांपैकी कोणत्या डब्यात टाकू? मी तीनही ठिकाणी टाकला, तर गाइड म्हणाल्या पुनरुक्ती.

मुलुंडची_बाग
विषय अगदी जवळचा आहे म्हणून लिहिते. आमच्या सोसायटीच्या टेरेसवर माझा भाजीपाला आहे. तीन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ होतं, ते कमिटीने पेस्ट कंट्रोलवाले बोलावून जाळलं. त्यानंतर माझ्या दुधीला फळ धरतच नाही. मादी फूल येतं, मागे बोटाएवढा दुधी असतो, दोन दिवसांत पिवळा पडून गळतो. म्हणजे घट झाली हे मुंबईतसुद्धा खरं आहे ना? तुमच्या रिव्ह्यूत हे घ्या हवं तर, फोटो आहेत.

कांदेपोहे
ताई, त्या पेपर लावायचं विचारतायत, पोळं लावायचं नाही 😄

जुनी_वही
रानफूल, तुझा परिच्छेद तीनदा वाचला. थिसिस तपासताना मी एक साधी गोष्ट करते. प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवते. तुझी चार वाक्यं, चारही आडनावाने सुरू होतात. वाक्याचा कर्ता शास्त्रज्ञ झाला की माशी मागे पडते, आणि वाचकाला कळतं फक्त एवढंच की चार जणांनी चार कामं केली.

डोंबिवलीकर अर्धे बरोबर आहेत. कारणांनुसार विभागणी करणं चूक नाही, या विषयावरचे बरेच रिव्ह्यू तसेच असतात. पण 'कीटकनाशकं' हा विषय झाला, थीम नव्हे. थीमला म्हणणं असावं लागतं, म्हणजे ती पूर्ण वाक्यात सांगता आली पाहिजे आणि ते वाक्य कुणाला तरी खोडता आलं पाहिजे. 'कीटकनाशकं' हा शब्द कोण खोडणार?

तुझे चार पेपर घे. ते एकमेकांशी कशावरून भांडतायत ते बघ. रुंडलोफच्या एकाच प्रयोगात, त्याच शेतांत, एकट्या राहणाऱ्या माश्यांचं आणि बंबलबीचं नुकसान दिसतं, पण मधमाश्यांच्या वसाहतींत फरक सापडत नाही. हा सगळा मामला एकाच रसायनाचा, एकाच पिकाचा, एकाच हंगामातला. मग बदललं काय? माशी कशी राहते ते. एकट्या माशीची मादी मेली की तिचं घरटं तिथेच संपलं, पुढची पिल्लं नाहीत. बंबलबीच्या वसाहतीत काही शेकडा माश्या. मधमाश्यांच्या पेटीत हजारो, त्यामुळे चारा आणणाऱ्या काही परतल्या नाहीत तरी बाकीच्या काही काळ भरून काढतात. आता हेन्रीकडे ये. तिथे एकेका मधमाशीला पाठीवर चिप चिकटवून सोडलं होतं, आणि रसायन दिलेल्या माश्या परतण्यात कमी पडल्या. म्हणजे मधमाशीचंही नुकसान होतं, पण ते एका माशीत मोजलं तर दिसतं, पेटीत मोजलं तर झाकलं जाऊ शकतं.

ही तुझी थीम: "नियोनिकचा परिणाम किती दिसतो हे, तो एका माशीत मोजला की वसाहतीत, आणि ती वसाहत केवढी, यावर बरंच अवलंबून असतं." यात चारही पेपर बसतात, आणि भांडत होते ते आता एकमेकांना धरून बोलतात.

रानफूल
ताई, हे वाचून जरा गप्पच झाले. रुंडलोफमधला तो फरक मी "मात्र" या एका शब्दात उरकला होता.

पण जर्मनी कुठे जाणार? तिथे मधमाश्याच, पेट्याच, आणि परिणाम उलटा.

जुनी_वही
जर्मनी या थीममध्ये बसत नाही, आणि तिला कोंबूही नकोस. पुढचा परिच्छेद तिथूनच सुरू होईल. वुडकॉकच्या पेपरात चर्चेचा भाग परत वाच. जर्मनीतल्या पेट्यांत रोग कमी होता, आणि माश्यांच्या आहारात रेपसीडचा, म्हणजे ज्या पिकाला विष लावलं होतं त्याचा, वाटा हंगेरी-ब्रिटनपेक्षा बराच कमी होता. आजूबाजूला दुसरी फुलं होती. लेखकांनी हे संभाव्य कारण म्हणून मांडलंय, सिद्ध केलेलं नाही, तेव्हा तूही "असावे" असंच लिही. तर दुसरी थीम: विषाचा परिणाम आजूबाजूला खायला काय आहे आणि माशी आधीच आजारी आहे का, यावर बदलतो. आता सांग, तुझा अनाथ गुल्सन कुठे जाईल?

रानफूल
इथेच! देवा. म्हणजे तो तीन डब्यांत नव्हता, त्याला स्वतःचं घर हवं होतं.

डोंबिवलीकर
मान्य. पण ताई, असं प्रत्येक पेपरच्या पोटात शिरून एकसष्ट पेपर लावायला वर्ष जाईल. त्यापेक्षा तक्ता करायचा: नियोनिकमुळे नुकसान म्हणणारे इतके, नाही म्हणणारे तितके. बहुमत ज्याचं त्याचं खरं.

जुनी_वही
तक्ता जरूर करा, मतमोजणी नको. "परिणाम आढळला नाही" आणि "परिणाम नाही" यांत फरक आहे. स्वीडनच्या प्रयोगात प्रक्रिया केलेली आठ शेतं आणि जोडीला न केलेली आठ. क्षेत्र-प्रयोग म्हणून हे मोठंच काम आहे, पण पेट्या मुळातच एकमेकींपेक्षा इतक्या वेगळ्या असतात की लहानसा फरक एवढ्या शेतांत दिसणंच अवघड. तो पेपर "नाही" च्या रकान्यात टाकलात तर त्याच्या तोंडी तो न बोललेलं वाक्य घातलंत.

तक्ता असा करायचा. एक्सेलमध्ये एका पेपरला एक ओळ. रकाने: कोणता जीव, काय मोजलं, कुठे, किती काळ, तुलना कशाशी, निष्कर्ष माझ्या शब्दांत एका ओळीत, आणि शेवटी 'यावरून काय म्हणता येत नाही'. हा शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात, आणि खरी थीम तिथेच सापडते. भरून झाला की वर्षाप्रमाणे सॉर्ट करू नकोस, लेखकाप्रमाणे तर मुळीच नको. 'काय मोजलं' यावर सॉर्ट कर आणि बघ.

मी हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर करायचे. गिरगावातल्या खोलीत जमिनीवर मांडायच्या आणि पंखा बंद. आई म्हणायची, पत्ते संपले की जेवायला ये.

सदानंद_पेटीवाले
मी शास्त्रज्ञ नाही. नोकरीत असताना हौस म्हणून मामाच्या गावी सातेरीच्या पेट्या ठेवत होतो. नव्वदच्या सुमारास पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. अळ्या पिशवीसारख्या फुगून मरायच्या. नंतर कळलं की थाय सॅकब्रूड नावाचा विषाणू. तुमच्या चर्चेत सगळं स्वीडन, जर्मनी. आपल्या माशीचं काय झालं ते कुणी लिहिलंय का?

रानफूल
काका, लिहिलंय. १९९१-९२ मध्ये तो रोग दक्षिण भारतात पसरला आणि सातेरीच्या वसाहतींचं प्रचंड नुकसान झालं. माझ्या रिव्ह्यूत आहे, पण शेवटी, 'भारतातील अभ्यास' या वेगळ्या भागात. त्याच भागात बेंगळुरूच्या आग्या माश्यांवरचा २०२० चा अभ्यासही आहे. प्रदूषित भागांतून गोळा केलेल्या ८० टक्क्यांहून जास्त माश्या एका दिवसात मेल्या, असं त्यांना आढळलं.

जुनी_वही
तो भाग मोड. सॅकब्रूड रोगाच्या थीममध्ये आण, कारण तिथे तो एक गोष्ट दाखवतो जी युरोपातले पेपर दाखवत नाहीत: एतद्देशीय माशीवर रोग कोसळू शकतो आणि परदेशी माशी शेजारी तग धरू शकते. बेंगळुरूचा पेपर 'शेताबाहेरचे ताण' यात. देशाच्या नावाची टोपली केलीस की ती अडगळीची खोली होते.

खारघरचा_भुंगा
इथे मी असहमत. माझा व्हायवा होऊन दोन वर्षं झाली. बाहेरच्या परीक्षकाचा पहिला प्रश्न होता, "यातलं भारतात किती झालंय?" सगळं थीममध्ये पसरलेलं होतं, मला पानं उलटत बसावं लागलं. भारतातली उणीव हीच जर तिच्या थिसिसची गरज असेल तर ती एका जागी ठसठशीत दिसायला हवी.

जुनी_वही
उणीव एका जागी दाखव, अभ्यास नव्हे. तक्त्यातला 'कुठे' हा रकाना मोजून दोन वाक्यं लिहिली की झालं.

खारघरचा_भुंगा
दोन वाक्यांनी परीक्षक गप्प बसत नाहीत ताई. असो. आणखी एक. रानफूल, तू 'बंबलबी' लिहितेस ते ठीक. एका मराठी अहवालात त्याला 'भुंगा' केलेलं पाहिलं. आपल्याकडे लाकूड पोखरणारा काळा मोठा भुंगा म्हणजे वेगळीच, एकट्याने घरटं करणारी माशी. वसाहतीच्या आकारावर थीम बांधलीस आणि तिथे भुंगा लिहिलंस तर पूर्ण मुद्दाच उलटा होईल. (माझ्या आयडीवरून कुणी बोलू नये.)

रानफूल
तीन रात्री जागून तक्ता केला. 'काय मोजलं' वर सॉर्ट केल्यावर जे दिसलं ते सांगते, कारण हे मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

माझ्या पहिल्या भागाचं नाव होतं 'परागवाहकांची घट: जागतिक आढावा'. त्यात हॉलमन व इतर (२०१७): जर्मनीतली ६३ संरक्षित ठिकाणं, २७ वर्षं, उडणाऱ्या कीटकांच्या वजनात ७५ टक्क्यांहून जास्त घट. खाली पावनी व इतर (२०१९): ब्रिटनमधल्या रानमाश्या आणि होव्हरफ्लाय मिळून ३५३ प्रजाती, १९८० ते २०१३, सुमारे एक तृतीयांश प्रजातींची व्याप्ती घटली आणि सुमारे एक दशांश प्रजातींची वाढली. त्याखाली आयझेन आणि हार्डर (२००९): जगभरातल्या पाळीव मधमाश्यांच्या वसाहती अर्ध्या शतकात सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्या. मी हे तीन एकाखाली एक लिहून मधे "तथापि" घातलं होतं.

आता दिसतंय की एकाने वजन मोजलं, दुसऱ्याने कोणती प्रजाती नकाशाच्या किती चौकोनांत सापडते ते, तिसऱ्याने पेट्या. त्यांत विरोध नाहीच, "तथापि" ला जागाच नव्हती! वजन घटूनही प्रजाती टिकू शकतात, पेट्या वाढूनही रानमाश्या घटू शकतात. आणि पेट्या वाढल्या तरी परागीभवनावर अवलंबून असलेली शेती त्याहून कितीतरी जास्त वेगाने वाढली, हा तर त्या पेपरचा मुख्य मुद्दा होता, जो मी गाळला होता.

नवीन पहिलं वाक्य: "परागवाहक घटले का, या प्रश्नाचे उत्तर काय मोजले यावर ठरते, वजन, व्याप्ती आणि पाळीव वसाहती या तीन मोजमापांतून तीन वेगळी चित्रे उभी राहतात."

जुनी_वही
आता परिच्छेद उभा राहिला. एकच खोच. हॉलमनच्या सापळ्यांत सगळे उडणारे कीटक आहेत, माश्या, डास, चिलटं, सगळं. परागवाहक त्यातले किती, हे त्या वजनावरून कळत नाही. 'यावरून काय म्हणता येत नाही' या रकान्यात काय लिहिलंस?

रानफूल
रिकामा होता 🙈

डोंबिवलीकर
मग हॉलमन काढूनच टाक. विषय परागवाहकांचा आहे.

खारघरचा_भुंगा
काढू नकोस. तो आकडा जगभर सगळे परागवाहकांच्या नावावर वापरतात. तो का वापरू नये, हे तुझ्या रिव्ह्यूतच यायला हवं.

जुनी_वही
यावर मी भांडणार नाही, दोन्हीला आधार आहे. ठेवलास तर त्याची मर्यादा त्याच वाक्यात दे, पुढच्या पानावर नको.

आणखी विचारते, पेपर शोधलेस कसे? सर्चमध्ये काय टाईप केलंस?

रानफूल
`pollinator decline`. का?

जुनी_वही
वाटलंच. २०१९ मध्ये सांचेझ-बायो आणि वायखायस यांचा कीटकांच्या घटीवरचा गाजलेला रिव्ह्यू आला, त्यावर मोठी टीका झाली ती यावरच. त्यांनी शोधताना 'घट' हा शब्दच अट म्हणून घातला होता. ज्यांना वाढ किंवा स्थिरता दिसली त्यांचे पेपर जाळ्यात येणार कसे? तू थीम कितीही सुबक लावलीस तरी जाळंच तिरकं असेल तर 'बहुतेक अभ्यास घट दाखवतात' या वाक्याला अर्थ राहत नाही. एकदा असं शोधून बघ:

```
(pollinator* OR "wild bee*" OR hoverfl* OR moth OR moths)
AND (trend* OR change* OR increas* OR declin*)
```

पसारा येईल, चाळावं लागेल. पण वाढ दाखवणारे जे सापडतील तेच तुझ्या थीमची परीक्षा घेतील. `moth` मुद्दाम घातलंय. मुलुंडच्या ताईंना आपण हसलो, पण त्यांचा प्रश्न नेमका आहे. ताई, दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तिथे मुख्यतः रात्रीचे पतंग येतात. आग्या मोहोळ गेलं हे वाईटच झालं, पण दुधी बहुधा त्यामुळे अडलेला नाही. रात्री नर फूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवा. फळ धरलं तर पराग पोचत नव्हता हे कळेल. तरीही गळलं तर खत-पाण्याकडे किंवा फळमाशीकडे बघा. आणि रानफूल, तुझ्या तक्त्यात 'कोणता जीव' या रकान्यात पतंग किती वेळा आहेत?

रानफूल
मोजले. एकसष्टात दोन. माश्या (सगळ्या मिळून) अठ्ठेचाळीस.

सदानंद_पेटीवाले
आणि सातेरी?

रानफूल
तीन, काका.

रानफूल
नवीन सर्चमधून साडेनऊशे शीर्षकं आली. वाचतेय. नियोनिकचा भाग आज गाइडना पाठवला, तो आता असा सुरू होतो: "नियोनिकचा परिणाम एकेका माशीत स्पष्ट दिसतो, मोठ्या वसाहतीत तो धूसर होतो. चिप लावलेल्या मधमाश्या परतण्यात कमी पडल्या (हेन्री व इतर, २०१२). बंबलबीच्या लहान वसाहतींत राण्यांची निर्मिती ८५ टक्क्यांनी घटली (व्हाइटहॉर्न व इतर, २०१२). मात्र शेतात ठेवलेल्या मधमाश्यांच्या वसाहतींत, त्याच शेतांत रानमाश्यांचे नुकसान होत असूनही, फरक आढळला नाही (रुंडलोफ व इतर, २०१५)." आडनावं सगळी कंसात गेली.

उत्तर आलं: "बरं. हॉलमन काढ." को-गाइडना तोच मेल गेला होता, त्यांचं उत्तर: "हॉलमनवर अजून लिही." सोमवारी दोघांसमोर बसायचंय.

कांदेपोहे
दोघांना एकाच खोलीत बसव आणि तू 'काय मोजलं' विचार.

मुलुंडची_बाग
काल रात्री साडेआठला टॉर्च घेऊन टेरेसवर गेले. दोन मादी फुलांवर नर फूल फिरवलं, दोरा बांधून ठेवलाय. पतंग काही आला नाही. सेक्रेटरी आले, टॉर्च कोण फिरवतंय म्हणून बघायला.